टाचेच्या मागे दुखतंय? आधी अंगठ्याने जागा शोधा



बंदी उठते, होड्या पाण्यात जातात आणि पहिल्या पंधरवड्यातच एक तक्रार हमखास ऐकू येते. "सकाळी उठून पाय टेकला की टाचेच्या मागे कळ येते. वीस-पंचवीस पावलं चाललो की बरं वाटतं. संध्याकाळी बघतो तर सूज." टाचेखाली तळव्यात दुखतं तो आजार वेगळा. आज बोलायचंय ते टाचेच्या मागच्या बाजूबद्दल, जिथे बुटाची मागची कड येते तिथलं आणि त्याच्या जरा वरचं.

हे दुखणं घरी सांगितलं की तेल चोळा, गरम वाळूने शेका, पाय ताणा असे सल्ले मिळतात. यातला पाय ताणायचा सल्ला काही जणांना बरा लागू पडतो आणि काही जणांचं दुखणं त्यानेच महिनोन्‌महिने लांबतं. तुम्ही कोणत्या गटात आहात ते अंगठ्याने दाबून कळतं, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

खुर्चीवर बसा, दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर घ्या. पोटरीपासून खाली उतरत टाचेच्या हाडाला येऊन मिळणारी जाड, दोरासारखी शीर हाताला लागेल. ही रक्ताची नस नव्हे. पोटरीच्या स्नायूंना टाचेच्या हाडाशी बांधणारा हा पट्टा आहे, डॉक्टर त्याला अकिलीस टेंडन म्हणतात. शरीरातला सगळ्यात जाड आणि दणकट असा हाच. आता दोन बोटांच्या चिमटीत ती शीर धरा आणि वरून खाली दाबत या. सगळ्यात जास्त कुठे दुखतं? हाडाच्या वर दोन-तीन बोटं अंतरावर शिरेच्या मध्येच, की अगदी खाली, जिथे शीर हाडाला चिकटते तिथे? उत्तर नीट लक्षात ठेवा, कारण पुढचे उपचार त्यावर ठरतात.

आपल्या लोकांत खालचं, म्हणजे हाडाजवळचं दुखणं बरंच दिसतं. ते का होतं हे दोर ओढणाऱ्याला समजावून सांगायला फार वेळ लागत नाही. होडीच्या काठावरून दोर खाली पाण्यात सोडून ओढला की तो काठावर दाबला जातो. तोच दोर आडवा, सरळ ओढला तर काठाला लागतही नाही. टाचेच्या हाडाचा वरचा कोपरा म्हणजे तो काठ. पाऊल सरळ किंवा टाच जरा उंच असेल तर शीर त्या कोपऱ्यापासून मोकळी राहते. पण टाच खाली गेली आणि नडगी पुढे झुकली की शीर त्या कोपऱ्यावर दाबली जाते. दाब बसू नये म्हणून हाड आणि शीर यांच्यामध्ये पाण्याची बारीकशी पिशवी असते. सारखा दाब बसला की तीही सुजते. मग शिरेच्या दोन्ही बाजूंना, घोट्याच्या मागे, भरल्यासारखं दिसतं. वर कडक पाठीचा बूट असेल तर बाहेरूनही दाब येतो आणि कातडीखाली लालसर टेंगूळ उठतं.

आता एक उदाहरण घेऊ. नाव देत नाही, पण असे काका तुमच्या किनाऱ्यावरही असतील.

वय 48, वजन 70 किलो, फायबरची होडी आणि आऊटबोर्ड इंजिन. गोव्यात 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंदी, म्हणून होडी वर ओढून ठेवली. दोन आठवडे बसून जाळी सांधली. चालणं दिवसाला फार तर तीन किलोमीटर. मग आषाढीसाठी गावच्या दिंडीबरोबर पायी पंढरपूरला निघाले. निघायच्या दोन दिवस आधी नवे स्पोर्ट शूज घेतले, मागची बाजू चांगली कडक. रोजची चाल पंचवीस किलोमीटरच्या आसपास.

जरा हिशेब करू. साधारण उंचीच्या माणसाचं एक पाऊल 70 सेंटीमीटरचं धरलं तर एका किलोमीटरला सुमारे 1,400 पावलं होतात. तीन किलोमीटर म्हणजे 4,200 पावलं, एका पायाच्या वाट्याला 2,100. पंचवीस किलोमीटर म्हणजे 35,000, एका पायाला 17,500. आणि प्रत्येक पावलाला टाच उचलताना त्या शिरेवर येणारा ताण शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट असतो, काकांच्या बाबतीत दोनशे किलोच्या घरात. शीर ते सहन करू शकते, ती त्यासाठीच आहे. पण दिवसाला 2,100 वेळा ओढायची सवय असलेल्या शिरेला एका रात्रीत 17,500 वेळा ओढायला लावलं, आणि तेही दुसऱ्या दिवशी परत, तिसऱ्या दिवशी परत. शीर मजबूत होते ती ताणानंतरच्या विश्रांतीत, आणि मोठ्या ताणानंतर तिला सावरायला दोनेक दिवस लागतात. वारीत ते मिळत नाहीत. वारीला जाऊ नका असं कोणी म्हणत नाही. मे महिन्यापासून चालणं हळूहळू वाढवत नेलं असतं तर हेच अंतर त्याच पायांनी कापलं असतं.

चौथ्या दिवशी सकाळी उजव्या टाचेमागे दुखायला लागलं. थोडं चालल्यावर गेलं. काकांना वाटलं, चालण्यानेच बरं होतंय. इथे बरेच जण फसतात. अशी शीर गरम झाली की दुखणं तात्पुरतं मागे सरतं, पण आत चाललेलं नुकसान थांबलेलं नसतं. खरा निकाल दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या पावलांना लागतो. सहाव्या दिवशी त्यांना वीस पावलांऐवजी शंभरेक पावलं लंगडावं लागत होतं. म्हणजे दुखणं वाढत होतं, आणि ते सकाळ स्पष्ट सांगत होती.

मग दिंडीतल्याच कोणीतरी उपाय सांगितला: पायरीच्या कडेवर चवडे ठेवायचे, टाचा खाली सोडायच्या आणि ताण देत उभं राहायचं. करताना बरं वाटायचं. पण वर सांगितलेला दोर आणि काठ आठवा. टाच पायरीखाली सोडणं म्हणजे तीच शीर त्याच कोपऱ्यावर मुद्दाम दाबणं. पंढरपूरला पोचेपर्यंत शिरेच्या दोन्ही बाजूंना सूज आली होती. घरी आल्यावर तेल लावून जोराने चोळणं सुरू झालं, सुजलेल्या पिशवीला तेही मानवलं नाही. 1 ऑगस्टला होडी ढकलायला पहिले पुढे तेच. नारळी पौर्णिमेच्या सुमारास उपचाराला आले तेव्हा चप्पल घालूनही लंगडत होते.

येण्याआधी त्यांनी एक्स-रे काढला होता. त्यात टाचेच्या मागे हाडाचा छोटा काटा दिसला आणि घरात ऑपरेशनची चर्चा सुरू झाली. असा काटा अजिबात दुखत नसलेल्या कित्येकांच्या टाचेलाही असतो. तो वर्षानुवर्षांच्या ताणाने तयार होतो, आणि तो असतानाही दुखणं पूर्ण थांबू शकतं. एका दवाखान्यात त्यांना "एक इंजेक्शन घ्या, मोकळे व्हा" असंही सांगितलं गेलं होतं. स्टिरॉइडच्या इंजेक्शनने दुखणं थोडे दिवस दबतं, पण ते शिरेत गेलं तर शीर कमजोर होऊन तुटण्याचा धोका असतो. काकांनी ते घेतलं नाही, हे फार बरं झालं.

पहिलं काम केलं ते टाच उंच करण्याचं. जुन्या रबरी चपलेच्या तळव्यातून टाचेच्या मापाचे दोन तुकडे कापले, जाडी 1 सेंटीमीटर, पुढच्या बाजूने तासून उतार दिला आणि दोन्ही पायांच्या पादत्राणात टाचेखाली बसवले. एकाच पायात घातले तर चाल वाकडी होऊन कंबर धरते, म्हणून दोन्हीत. तुकडा स्पंजसारखा मऊ नको, मऊ असला की वजनाने बसतो आणि टाच परत खालीच जाते. कडक पाठीचे बूट बाजूला ठेवून मागे मोकळी, थोडी उंच टाचेची सँडल घालायला सांगितली. घरातही अनवाणी चालायचं नाही. पायरीवरचा ताण आणि चोळणं दोन्ही बंद.

ट्रॉलरवर किंवा जेटीवर काम करणाऱ्यांसाठी इथेच सांगते. गमबूट ढिला असला की प्रत्येक पावलाला टाच आत वर-खाली होते आणि मागची कड शिरेवर घासते. एक नंबर मोठा बूट "सगळ्यांना चालेल" म्हणून आणतात, तो या दुखण्याला आमंत्रण देतो. मापाचा बूट, आत जाड मोजे आणि टाचेखाली तोच रबरी तुकडा, एवढं केलं तरी घासणं बरंच कमी होतं. तुकडा घातल्यावर टाच वर येते, तेव्हा बुटाची कड नेमकी टेंगळावर येत नाही ना तेवढं बघा. मधुमेह असेल तर पाय रोज डोळ्यांनी पाहायचा, कारण तिथे कातडी सोलली तरी कळत नाही आणि ओल्या बुटात जखम चिघळते.

शेकायचं की बर्फ लावायचा, हा प्रश्न नेहमीचा. सूज असेल आणि काम करून आल्यावर ठणकत असेल तर बर्फाने आराम पडतो, आणि बर्फाची आपल्याकडे काय कमी. फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं, कातडीला थेट नको. बर्फ फक्त ठणका कमी करतो. शीर मजबूत व्हायला व्यायामच लागतो.

व्यायाम असा. पहिले दोन आठवडे: भिंतीला हात टेकून, टाचेखाली तुकडे असलेली चप्पल घालून, दोन्ही पायांवर टाचा अर्ध्या उचलायच्या आणि तशाच 30 ते 45 सेकंद धरून ठेवायच्या. मध्ये दोन मिनिटं थांबून असं पाच वेळा, रोज. यात शिरेवर ताण येतो पण ती कोपऱ्यावर दाबली जात नाही. बऱ्याच जणांचं दुखणं एवढ्याने थोडं हलकं होतं.

तिसऱ्या आठवड्यापासून वर-खाली. तीन सेकंदांत टाचा वर, तीन सेकंदांत खाली, आणि खाली म्हणजे फक्त जमिनीपर्यंत. पायरीवर उभं राहून टाच जमिनीच्या पातळीखाली सोडायची नाही. 12 वेळा केलं की थोडं थांबून परत 12, असे तीन फेरे, एक दिवसाआड. सातव्या आठवड्यापासून दोन्ही पायांवर वर जायचं आणि दुखऱ्या एका पायावर खाली यायचं. ते सहज जमू लागल्यावर वर जाणंही एकाच पायावर, आणि शेवटी पाठीवरच्या पिशवीत 5 किलो वाळू घेऊन. हालत्या डेकवर हे करू नका, किनाऱ्यावर आल्यावर करा.

व्यायाम करताना थोडं दुखलं तर घाबरायचं नाही. दहापैकी तीन-चार मार्कांचं दुखणं चालेल. मात्र दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली पावलं रोजच्यापेक्षा जास्त दुखली, तर कालचं काम जास्त झालं असं समजून एक पायरी मागे यायचं. तीच मोजपट्टी चालण्यालाही. काकांनी सपाट डांबरी रस्त्यावर पंधरा मिनिटांपासून सुरुवात केली आणि सकाळ ठीक गेली तर आठवड्याला पाच मिनिटं वाढवली. पूर्ण झोपून राहायला सांगितलं नव्हतं. शिरेला अजिबात ताण मिळाला नाही तर ती आणखी कमजोर होते, आणि कामावर परतताच पुन्हा पहिल्यापासून सुरू.

नवव्या आठवड्यात गाडी एकदा घसरली. त्या दिवशी एक खलाशी आला नाही आणि काका स्वतः होडी ढकलायला गेले. अनवाणी, सुक्या भुसभुशीत वाळूत. वाळूत टाच आत रुतते, अंग पुढे झुकलेलं, त्यात सगळा जोर पायात. शीर कोपऱ्यावर दाबायला याहून वाईट अवस्था शोधूनही मिळायची नाही. रापण ओढताना टाचा रोवतात तेव्हाही हेच होतं. पुढचे चार दिवस सकाळ पुन्हा वाईट गेली, आणि व्यायाम दोन आठवडे मागच्या पायरीवर आणावा लागला. त्यानंतर त्यांनी घरात ठरवून टाकलं की या हंगामात होडी ढकलणं मुलाकडे आणि पुतण्याकडे, आपण आत बसून इंजिन सांभाळायचं. अहंकाराला जरा लागलं, ते त्यांनी कबूल केलं. वाळूत चालावंच लागलं तर ओहोटीच्या ओल्या, घट्ट वाळूतून आणि सँडल घालून.

दिवाळीनंतर ते सलग पाच किलोमीटर चालू लागले, सकाळी ताठरपणा दोन-चार पावलांपुरता. टेंगूळ अजून थोडं आहे, दाबलं तर दुखतं, पण कामाला आड येत नाही. म्हणजे साधारण तीन महिने लागले. एवढा काळ लागतोच, हे आधीच माहीत असलेलं बरं, नाहीतर तीन आठवड्यांत फरक दिसला नाही म्हणून लोक व्यायाम सोडतात आणि डॉक्टर बदलतात.

हे सगळं हाडाजवळ दुखणाऱ्यांसाठी. ज्यांना दोन-तीन बोटं वर, शिरेच्या मध्ये दुखतं आणि तिथे शीर जाड, गाठीसारखी लागते, त्यांच्या बाबतीत कोपऱ्याचा प्रश्न नसतो. त्यांनी टाच पायरीखाली सावकाश सोडण्याचा व्यायाम जरूर करावा. दोन पायांवर वर, एका पायावर हळू खाली, 15 चे तीन फेरे, दिवसातून दोनदा, बारा आठवडे ही त्याची जुनी, चाललेली पद्धत आहे. सुरुवातीला कमी करून वाढवत न्या. सकाळची मोजपट्टी त्यांनाही तीच.

प्रत्येक टाचदुखी चालण्याने होत नाही, हेही ध्यानात असू द्या. काहीच जास्त चाललेलं नसताना एका रात्रीत टाच लाल, गरम होऊन चादरीचा स्पर्शही नको झाला तर युरिक ॲसिडचा विचार करावा लागतो. तरुण मुलाच्या दोन्ही टाचा दुखतात आणि सकाळी कंबरही अर्धा-पाऊण तास आखडलेली असते, तर तो सांध्यांचा वेगळा आजार असू शकतो. ताप आणि लाली असेल तर जंतुसंसर्ग. या तिन्हीत रबरी तुकडा कापत बसू नका, डॉक्टरांकडे जा.

औषधांबद्दल एक गोष्ट बोटीवरच्या प्रत्येकाने ऐकावी. जुलाब, लघवीची जळजळ यासाठी सिप्रोफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या गोळ्या दुकानातून सहज आणल्या जातात आणि बोटीवरच्या डब्यातही पडलेल्या असतात. या जातीच्या प्रतिजैविकांनी हीच शीर दुखू शकते, क्वचित तुटूही शकते. वय साठीच्या पुढे असेल किंवा दम्यासाठी वगैरे स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर धोका वाढतो. टाचेमागे आधीच दुखत असेल तर डॉक्टरांना तसं सांगा, ते दुसरं औषध देऊ शकतात. गोळ्या सुरू असताना नव्याने दुखू लागलं तर पुढची गोळी घेण्याआधी त्यांना फोन करा.

आणि शीर तुटल्याची खूण. जोर लावताना किंवा उडी मारताना मागून कोणीतरी लाथ मारल्यासारखं वाटतं, कधी फटकन आवाज येतो, मागे वळून पाहिलं तर कोणी नसतं. पुष्कळदा दुखणं थोड्या वेळात कमी होतं आणि माणूस लंगडत चालूही शकतो, म्हणून मुरगळ समजून घरी बसतो. अशा वेळी त्याला पालथं झोपवा, पावलं खाटेच्या बाहेर लोंबकळू द्या आणि पोटरी मुठीत धरून दाबा. चांगल्या पायाचं पाऊल दाबताच खाली झुकतं. दुखऱ्या पायाचं पाऊल हललंच नाही, तर शीर तुटली आहे असं धरून त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरांकडे न्या, पायावर वजन न देता. समुद्रात असाल तर होडी परत फिरवा. पहिल्या काही दिवसांत प्लास्टर किंवा बूट लावून पाऊल खाली झुकलेल्या अवस्थेत धरलं तर शीर ऑपरेशनशिवायही जुळू शकते. तीन-चार आठवडे उलटले की तुटलेली टोकं दूर सरकतात आणि मग ते काम अवघड होऊन बसतं.